मांजराचे पाठ कमानणे व केस फुलवणे

दचकलेले मांजर पाठीची कमान करून पाठीवरचे व शेपटीचे केस ताठ उभे करते, ही त्याची बचावात्मक प्रतिक्रिया होय. धोक्याची चाहूल लागताच अनुकंपी तंत्रिका तंत्र, म्हणजे शरीराला लढण्यास वा पळण्यास सज्ज करणारी यंत्रणा, उद्दीपित होते आणि केसांच्या मुळाशी असलेले सूक्ष्म अनैच्छिक स्नायू आकुंचन पावून केस उभे राहतात. त्याच वेळी मांजर शत्रूकडे कूस वळवते, त्यामुळे ते प्रत्यक्षाहून मोठे भासते. मागे ठेवलेल्या काकडीसारखी क्षुल्लक वस्तू अचानक दिसली, तरी तिची ओळख पटण्यापूर्वीच ही क्रिया सुरू होते व धोका नसल्याचे कळल्यावर हळूहळू ओसरते. पिल्ले खेळतानाही अशी कमान करतात. मात्र कान मागे चपटे झाले असून मांजर फिसकारत असेल, तर ती भीती समजावी.