बुडालेली कुल्फी आणि पाणी काढलेली कॉफी

उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता शब्दांच्या मागे जायची सवय लागते. 'अफोगातो' हा इटालियन शब्द प्रथम वाचला तेव्हाही त्याचा अर्थ शोधला. अर्थ निघाला 'बुडालेला'. वाटीत आइस्क्रीमचा एक गोळा ठेवायचा आणि त्यावर घोटभर कडक, गरम कॉफी ओतायची, एवढाच तो पदार्थ. आपल्याकडे याच अर्थाचा शब्द आहे 'गर्क'. अरबीतला 'ग़र्क़' म्हणजे बुडालेला. मराठीत आपण विचारात गर्क होतो, इटलीत आइस्क्रीम कॉफीत गर्क होते.

या पदार्थातले दोन्ही घटक पश्चिमेकडून आले असे आपण धरून चालतो. शब्दांना विचारले तर ते वेगळे सांगतात. कॉफीचे मूळ नाव 'क़हवा'. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून ती पीत. तिथून ती मक्का, कैरो, इस्तंबूल असा प्रवास करत गेली. तुर्कांच्या तोंडी 'कहवे' झाली आणि इटलीत 'काफ्फे'. आपल्या देशात ती बाबा बुदन यांनी हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणून रुजवली, अशी आख्यायिका आहे. चिकमगळूरजवळच्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. 'कुल्फी'ही तशीच. फारसी-उर्दूतल्या 'क़ुल्फ़'चा, म्हणजे कुलपाचा, हा शब्द. झाकण घट्ट बसवलेला साचा तो कुल्फीचा. आपले 'कुलूप' आणि आपली 'कुल्फी' एकाच घरातली भावंडे आहेत.

पण मला सांगायचे आहे ते शब्दांपेक्षा पाण्याविषयी. या पदार्थाचा सगळा इतिहास पाणी कमी करण्याचा आहे, आणि घरी तो बिघडतो तोही पाण्यामुळेच.

दूध गोठताना त्यातले पाणी बर्फ होते. पाणी जास्त असेल तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि दाताखाली कचकचतात. कुल्फीवाल्यांनी यावर उपाय काढला तो दूध आटवण्याचा. कॉफीच्या बाबतीत इटालियनांनी यंत्र काढले. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी वाफेच्या दाबाने कपभर कॉफी झटपट काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. 1948 च्या सुमारास अकिले गाज्जिया यांच्या तरफेच्या यंत्रांनी तो दाब पुष्कळ वाढवला, आणि जेमतेम 30 मिली पाण्यात कॉफीचा अर्क उतरू लागला. तिसरा उपाय झटपट विरघळणाऱ्या कॉफीचा. ब्राझीलमध्ये कॉफीचे पीक पडून राहू लागले तेव्हा ते टिकवण्याचा मार्ग शोधता शोधता नेसले कंपनीने 1938 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नेसकॅफे बाजारात आणली. ही पूड म्हणजे तयार कॉफीतले पाणी काढून उरलेला भाग. म्हणून आइस्क्रीममध्ये ती दुय्यम दर्जाची तडजोड ठरत नाही. पाणी न घालता कॉफी घालायची तर तीच सोयीची.

आमच्या नांदगावात म्हशीचे दूध मिळते आणि पूड किराणा दुकानात पुडीत मिळते. तेवढ्यावर मी करतो ते असे. एक लिटर म्हशीचे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर साधारण 600 मिली होईपर्यंत आटवायचे, कडेची साय खरवडून पुन्हा दुधात सोडत. याहून फार आटवू नये. दुधातली साखर दाट होऊन गोठल्यावर जिभेला रेतीसारखी लागते. मग 100 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. गॅस बंद करून दूध जरा निवले की वाटीभर दुधातच कॉफीचे पाच सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण 9 ग्रॅम पूड, कालवून ती मिसळायची. कॉफी आंबटसर असते. दूध जुने असेल तर उकळत्या दुधात ती घातल्यावर ते फाटू शकते. आमच्याकडे आजीच्या कॉफीत जायफळ असेच, ते इथेही किंचित किसून चालते.

चव गरम असतानाच पाहायची, आणि ती जरा जास्त गोड, जास्त कडू लागली पाहिजे. थंडीत जिभेला दोन्ही कमी कळतात. गरम असताना बेताची वाटणारी कॉफी गोठल्यावर नुसते दूध लागते.

मिश्रण फ्रीजमध्ये चार तास पूर्ण गार करून मगच फ्रीझरमध्ये ठेवावे. दोन-अडीच तासांनी कडा घट्ट होतात आणि मधले अजून मऊ असते. तेव्हा मिक्सरमधून फिरवून परत ठेवायचे, आणि असे पुन्हा एकदा. मोठे होऊ पाहणारे स्फटिक यात मोडतात. वीज दोन-तीन तास गेली आणि मिश्रण वितळून पुन्हा गोठले तर ही मेहनत वाया जाते. वरचा थर काचेसारखा चकचकीत दिसला की तसे झाले असे समजावे. पुन्हा फिरवणे हाच उपाय.

पुडीऐवजी खरी कॉफी हवी असेल तर? दक्षिणी फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे पूड आणि 100 मिली उकळते पाणी घातले की वीसेक मिनिटांत वाटीभर काढा उतरतो. मी एकाच दुधाचे दोन डबे लावून पाहिले, एकात पूड, दुसऱ्यात हा काढा. काढ्याचा वास सरस होता, पण त्या डब्यात बर्फाच्या सुया दिसत होत्या. त्यावर तोड अशी, की काढा न करता जाडसर दळलेली कॉफी गरम दुधातच दहा मिनिटे भिजवायची आणि फडक्यातून गाळायची. मग वासही येतो आणि पाणीही वाढत नाही. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण मात्र वाचावे. चिकोरी जास्त असेल तर रंग गडद येतो, पण कडवटपणा करपलेल्या गुळासारखा लागतो.

काढ्याची खरी जागा अफोगातोत आहे. तिथे आइस्क्रीम कॉफीचे नको. साधी मलई कुल्फी किंवा व्हॅनिला हवे, म्हणजे पांढरे गोड आणि काळे कडू समोरासमोर येतात. काचेची वाटी दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावी. गोळा साधारण 60 ग्रॅमचा. कॉफी 30 मिली, बिनसाखरेची. काढा असेल तर तो गरम करून, नाहीतर दोन सपाट चमचे पूड 30 मिली गरम पाण्यात. कॉफी ज्याने त्याने आपल्या हाताने ओतावी आणि लगेच खावे. नेहमीच्या मापाने कपभर पातळ कॉफी ओतली तर गोळा पूर्ण विरघळतो आणि हाती राहते कोमट दूध.

यंत्रातल्या कॉफीवरचा तो तांबूस फेस आणि ताजा दरवळ पुडीत येत नाही, हे खरे आहे. तरी पाहुणे आले की मी फ्रीझरमधली कुल्फी काढतो आणि घोटभर कडक कहवा करतो. सूफींच्या पेल्यातला तो कहवा कुलपाच्या कुल्फीवर पडतो, आणि नाव मात्र इटलीचे होते. घेऊ दे, चव आपल्या ओळखीची आहे.