दुराक : जिंकणारा नसलेला डाव

१/
निकोलाय गोगोल याच्या 'दिकान्काजवळच्या वाडीवरील संध्याकाळी' या संग्रहाचा पहिला भाग १८३१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील 'हरवलेले पत्र' या कथेत एक कझाक दूत थेट नरकात जाऊन पोहोचतो. सरदाराचे पत्र ज्या टोपीत शिवलेले होते ती टोपीच चोरीला गेलेली असते. चेटकिणी अट घालतात : पत्त्यांचे तीन डाव खेळ. एकदा जरी जिंकलास तरी टोपी तुझी. तिन्ही हरलास तर टोपीही नाही आणि पुन्हा उजेडही नाही.

तो खेळ म्हणजे 'दुराक'. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ 'मूर्ख'.

२/
या खेळात विजेता नसतो. एकेकाची पाने संपत जातात, तो सुटतो; शेवटी ज्याच्या हातात पाने उरतात तो 'मूर्ख' ठरतो. आपल्याकडचा गुलामचोर याच जातीचा, पण तिथे सारा भार नशिबावर. दुराकमध्ये हल्ला आणि बचाव आहे.

३/
पाने ३६, छक्कीपासून एक्क्यापर्यंत. प्रत्येकाला सहा पाने वाटतात. उरलेल्या गड्डीच्या तळाशी एक पान उघडे ठेवतात. त्याचा रंग तो हुकूम. हल्लेखोर एक पान टाकतो. बचाव करणाऱ्याने ते त्याच रंगाच्या वरच्या पानाने किंवा हुकमाने मारायचे. हुकूम मात्र वरच्या हुकमानेच मरतो.

खरी गंमत पुढे आहे. पटावर ज्या किमतीची पाने पडली आहेत, त्याच किमतीची आणखी पाने हल्लेखोर टाकू शकतो. बचावाचे पानही यात मोजले जाते! म्हणजे बचाव करणारा प्रत्येक पानागणिक शत्रूला नवी वाट उघडून देत असतो.

४/
एक डाव पाहू. दोघेच खेळाडू, हुकूम बदाम. बचाव करणाऱ्याच्या हातात इस्पिक नव्वी व राजा, किलवर दश्शी, चौकट छक्की व अठ्ठी, आणि बदाम छक्की. समोरून इस्पिक सत्ती येते.

नवखा खेळाडू स्वस्तातले पान शोधतो आणि नव्वीने मारतो. आता पटावर सत्ती आणि नव्वी. हल्लेखोर किलवर सत्ती टाकतो. ती दश्शीने मरते. मग किलवर नव्वी येते. किलवर संपलेले, म्हणून बदाम छक्की, हातातला एकुलता हुकूम, खर्ची पडतो. त्यावर चौकट नव्वी. हातात चौकटची अठ्ठीच मोठी. बचाव कोसळतो आणि पटावरची सातही पाने उचलावी लागतात. हातात उरलेली तीन धरून आता दहा पाने झाली. शिवाय हल्ला करण्याची पाळीही गेली.

५/
तीच सत्ती इस्पिक राजाने मारली असती तर? पटावर सत्ती आणि राजा. किलवर सत्ती दश्शीने मरते, आणि जुळणारे पान नसल्याने हल्लेखोर थांबतो. मारलेली पाने कायमची बाद. दोघेही गड्डीतून सहा पाने पुरी करतात, आधी हल्लेखोर, मग बचाव करणारा; पुढचा हल्ला आता बचाव करणाऱ्याचा. त्याचा हुकूमही शाबूत.

समोरच्याच्या हातात नव्व्या आहेत हे त्याला ठाऊक नसते, हे खरे. पण नव्वी सहज फेकली जाते. डावाच्या सुरुवातीला राजा वाया घालवायला कुणी फारसे धजत नाही. म्हणून इथे महाग पान स्वस्त पडते. अर्थात हा काही नियम नव्हे. गड्डी संपत आली की तोच राजा शेवटच्या हल्ल्यासाठी हवा असतो.

६/
आता पुन्हा नरकाकडे. गोगोलच्या कथेतील खेळ जुन्या रीतीचा दिसतो. त्यात जोड्या लावून एकदम अनेक पाने टाकता येत. कझाकाच्या हातात एकही हुकूम नाही, जोडीसुद्धा नाही, आणि चेटकीण पाच-पाच पाने टाकत राहते. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावात पाने चांगली येतात, पण टाकलेला हुकूम पटावर पडताच साधे पान होतो. दुसराही डाव गेला.

तिसऱ्या वेळी तो मेजाखाली, कुणाला न दिसेल असे, पानांवर क्रूसाची खूण करतो. पाहतो तो हातात हुकमाचा एक्का, राजा आणि गुलाम. आणि छक्की समजून त्याने नुकतीच राणी टाकून दिलेली! लबाडी पानांत नव्हती, ती त्याच्या नजरेवर होती. मग तो एकामागून एक हुकूम आपटत सुटतो, आणि पाने उचलण्याची पाळी चेटकिणीवर येते.

७/
रशियन घरांत अजूनही एक खोडी चालते. शेवटचा हल्ला छक्क्यांनी झाला आणि तो परतवता आला नाही, तर त्या छक्क्या हरलेल्याच्या खांद्यांवर ठेवतात, लष्करी अधिकाऱ्याच्या खांद्यावरील पट्ट्यांसारख्या. म्हणून जाणता खेळाडू दोन छक्क्या अखेरपर्यंत दडवून ठेवतो, डाव हरण्याचा धोका पत्करूनसुद्धा.