शिफ्ट सुरू होताना टास्कची सिस्टिम बंद असेल तर काम कसं चालतं?

सकाळचे सात वाजलेत. एका कस्टमर केअर टीममध्ये आठ जण लॉगिन करू पाहतायत, पण टास्क वाटणारी सिस्टिम उघडत नाही. ग्राहकांचे रिफंड मात्र थांबू शकत नाहीत. अशा वेळी स्प्रेडशीट वापरतात. शीट भरणं तसं सोपं असतं. खरा घोळ होतो सिस्टिम परत सुरू झाल्यावर, कारण एकाच कामाच्या आता दोन नोंदी असतात. त्या जुळल्या नाहीत तर एकाच ग्राहकाला दोनदा रिफंड जातो.

शीट बनते ती रात्रपाळीने शिफ्ट संपायच्या आधी काढून ठेवलेल्या यादीवरून. ती यादीच नसेल तर पुढचं सगळं अंदाजाने करावं लागतं. बिघाड आपल्या इंटरनेटचा नाही ना, हे आधी मोबाइल डेटावर तपासायचं. मग शिफ्ट लीडने प्रत्येक ओळीसमोर नाव लिहायचं. ज्याला जे दिसेल ते उचलू द्यायचं नाही. चालू शीट कोणी सॉर्टही करायची नाही, कारण दुसरा टाइप करत असताना ओळी हलतात.

टास्क आयडीचा कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा. नाहीतर एक्सेल 00417 चं 417 करून टाकतं आणि नंतर काहीच जुळत नाही. फोनवर आलेल्या नव्या कामाला T-01 असा तात्पुरता नंबर द्यायचा.

समजा, यादी 6:45 ची आहे आणि सिस्टिम 9:40 ला परत आली. आता लीडने सांगेपर्यंत कोणीही सिस्टिममध्ये हात घालायचा नाही. आधी शीट लॉक करायची, सिस्टिममधून ताजी यादी काढून `System` नावाच्या टॅबमध्ये टाकायची आणि आयडीवरून आताची स्थिती शोधायची:

```
=IFERROR(VLOOKUP(A2,System!A:C,3,FALSE),"नाही")
```

इथे तिसऱ्या कॉलममध्ये स्थिती आहे असं धरलंय. शीटमध्ये 64 कामं 'पूर्ण' आहेत. त्यातली 56 सिस्टिममध्ये उघडी दिसतात, ती बंद करायची. 5 समोर 'नाही' येतं. ही फोनवरची नवी कामं, ती सिस्टिममध्ये तयार करून तात्पुरता नंबर शेऱ्यात लिहायचा. उरली 3, जी सिस्टिममध्ये आधीच बंद आहेत. 6:45 नंतर रात्रपाळीने ती उरकली असणार, म्हणजे रिफंड दोनदा गेल्याची शक्यता याच तिघांत. ही फॉर्म्युल्यावर सोडायची नाहीत, पेमेंटची नोंद उघडून एकेक बघायची.

एक गोष्ट हमखास राहते. काम सव्वासातला झालेलं असलं तरी सिस्टिम बंद केल्याची वेळ दहाची दाखवते. खरी वेळ शेऱ्यात लिहिली नाही, तर रिपोर्टमध्ये टीम तीन तास रिकामी बसलेली दिसते. आणि शीटमध्ये ग्राहकांचे फोन नंबर असतात, त्यामुळे ताळमेळ पूर्ण झाला की त्याच दिवशी तिचा सगळ्यांचा ॲक्सेस काढायचा.