फोटोतली काटापावती

मानवत, सेलूकडे कापूस जिनिंगवर नेला की गाडी दोनदा काट्यावर चढते, आधी भरलेली आणि माल उतरवल्यावर रिकामी. पावतीवर ग्रॉस, टेअर आणि नेट असे तीन आकडे येतात. थर्मल कागद असेल तर छपाई काही महिन्यांत उडते, मग हाती उरतो मोबाईलमधला फोटो.

नमुन्यादाखल ट्रॅक्टर-ट्रॉलीची एक पावती धरू. ग्रॉस ५,४६० किलो स्वच्छ दिसतो. टेअरमध्ये ३, मग एक पुसट आकडा, मग २०. नेटची ओळ घडीत गेली आहे. पुसट आकडा ३, ५ किंवा ८ असू शकतो, म्हणजे निव्वळ वजन २,१४०, १,९४० किंवा १,६४० किलो. एका अंकावर पाच क्विंटलचा फरक!

अशा वेळी फोटो मोठा करून डोळे ताणण्यात अर्थ नाही, दुसरा कागद शोधावा. त्याच दिवशीच्या हिशोबपट्टीत भाव ७,२०० रुपये क्विंटल आणि एकूण रक्कम १,३९,६८० रुपये आहे. भागाकार १९.४० क्विंटल येतो, म्हणजे टेअर ३,५२०. मात्र भागायची ती हमाली-तोलाई वजा होण्याआधीची रक्कम. हाती पडलेल्या पैशांना भावाने भागले तर वजन उगाच कमी निघते. ओलाव्यापोटी वजनात कट्टी धरली असेल, तर ती आधी मिळवून घ्यावी लागते.

पण हिशोबपट्टी साक्षीदार म्हणून कच्ची आहे, कारण ती याच पावतीवरून लिहिली जाते. पावतीवर काय छापले होते एवढेच ती सांगते, कापूस खरोखर किती होता ते नाही. स्वतंत्र पुरावा हवा तर त्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीची दुसऱ्या दिवशीची, शक्यतो दुसऱ्या काट्यावरची पावती बघावी. तिथे टेअर ३,५०० असेल तर चिंता नाही, डिझेल किंवा काट्यावर बसलेला एखादा माणूस एवढा फरक पाडतो. ३,३०० निघाला तर मात्र दोनशे वीस किलोंचा जाब विचारावा.

वेळही पाहावी. ग्रॉस ११:४२ आणि टेअर ११:४३ असेल, तर ट्रॉलीभर कापूस एका मिनिटात उतरला नाही. रिकामे वजन काट्याच्या संगणकात साठवलेले, जुने असावे.

काटा १० किलोंच्या टप्प्याने दाखवत असेल, तर दोन वजनांच्या वजाबाकीत दहाएक किलो इकडेतिकडे होणारच. तेवढ्यावरून भांडू नये. काट्याची फेरपडताळणी दर वर्षी वैधमापनशास्त्र विभागाकडून व्हावी लागते, तिचे प्रमाणपत्र मागता येते.

आपल्या पावतीची नोंद अशी होईल: निव्वळ वजन १,९४० किलो, हिशोबपट्टीवरून जुळवलेले, टेअरमधला शतकस्थानचा अंक फोटोत वाचता येत नाही.