गेम इंजिनमधील काळ आणि चित्रमुद्रण : ‘क्वेक ३ अरीना’ची एक नोंद

प्रस्तावना : संगणकीय खेळाच्या ट्रेलरमधील चित्र अडखळते, तेव्हा दोष संगणकाच्या वेगाला दिला जातो. वस्तुतः तो काळाच्या मोजणीत असतो. खेळाचे इंजिन मागील फ्रेमपासून किती वेळ गेला हे पाहून पात्रे पुढे सरकवते. प्रत्येक फ्रेम डिस्कवर लिहिताना कमीअधिक वेळ जातो व पात्रे असमान अंतराने पुढे उडी घेतात. या फ्रेम समान गतीने दाखविल्या की हिसके दिसतात.

उपाय : इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’मध्ये (१९९६) `host_framerate` या चलाने इंजिनला घड्याळाऐवजी ठरावीक कालांतर देण्याची सोय होती. ‘क्वेक ३ अरीना’ने (१९९९) त्यास चित्रमुद्रणाची जोड दिली. आधी मुद्रित केलेला डेमो चालवून पुढील आज्ञा दिली जाई :

```
/cl_avidemo 25
```

डेमोत चित्रे नव्हे, तर हालचालींची नोंद असते. त्यामुळे एक फ्रेम लिहिण्यास दोन सेकंद लागले तरी खेळातील काळ ४० मिलिसेकंदच पुढे जाई. इतर खेळाडूंसह चालू असलेला सामना असा थांबवता येत नाही. म्हणून डेमो अनिवार्य ठरे.

मर्यादा : इड सॉफ्टवेअरने २००५ मध्ये खुल्या केलेल्या मूळ संहितेत ही ओळ आढळते :

```c
msec = (1000 / cl_avidemo->integer) * com_timescale->value;
```

येथील भागाकार पूर्णांकी असल्याने बाकी टाकून दिली जाते. सेकंदाला २५ फ्रेम मागितल्यास ४० हा अचूक भागाकार मिळतो. ६० मागितल्यास १६.६७ ऐवजी १६ मिळतो. परिणामी १२० सेकंदांच्या डेमोतून ७२०० ऐवजी ७५०० चित्रे निघतात व ६०च्या दराने ती १२५ सेकंद चालतात. चित्र अडखळत नाही, मात्र किंचित संथ होते. ही आज्ञा ध्वनी मुद्रित करीत नसे. तो स्वतंत्रपणे घ्यावा लागे. त्यामुळे गोळीचा आवाज आधी व ज्वाला नंतर, अशी तफावत उत्तरोत्तर वाढत जाई. निघालेल्या चित्रांची संख्या मोजणे हीच या दोषाची साधी कसोटी होय.

खुल्या संहितेवर उभ्या राहिलेल्या ‘आयओक्वेक३’मध्ये `video` या आज्ञेने चित्र व ध्वनी एकाच फाइलमध्ये घेण्याची सोय झाली. पुढे त्यात भागाकाराची बाकी पुढील फ्रेममध्ये मिळविण्यात आली; त्यामुळे ६०च्या दरातही सरासरी अचूक राहते.

समारोप : हिसके घालविण्यासाठी खेळाचा काळ घड्याळापासून तोडणे आवश्यक होते; परंतु तेवढे पुरेसे नव्हते. तोडलेल्या काळाचा हिशेब अपूर्णांकापर्यंत जुळला, तेव्हाच चित्र व ध्वनी यांचा मेळ टिकला, असे या नोंदीवरून दिसून येते.