तीन सेकंदांचा इतिहास

एक छोटा प्रयोग करून बघा. तुम्ही शिकवत असाल तर उद्याच्या तासाला मोबाईल रेकॉर्डिंगवर टाकून टेबलावर ठेवा. घरी येऊन ऐका, आणि तुमचा प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत किती वेळ जातो तेवढंच मोजा. तो पुढचा आवाज बहुतेक वेळा तुमचाच असेल. मी माझं पहिलं रेकॉर्डिंग जेमतेम दहा मिनिटं ऐकू शकलो, पुढचं दुसऱ्या दिवशी ऐकलं. एमएस्सीला लेसरच्या प्रयोगात सेकंदाचे कितीही बारीक तुकडे मोजले होते, पण वर्गात आपण एक अख्खा सेकंदही थांबत नाही हे कधी लक्षात आलं नव्हतं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं ते मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण अभ्यासक बाईंनी. काळ १९६० च्या दशकाचा. तेव्हा तिथल्या प्राथमिक शाळांत मुलांनी हाताने प्रयोग करत विज्ञान शिकावं म्हणून नवं साहित्य आलं होतं. साहित्य चांगलं होतं, शिक्षकही मनापासून शिकवत होते. तरी मुलं स्वतःहून तर्क करत नव्हती, प्रश्न विचारत नव्हती. असं का होतंय हे शोधायला रो बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती जमवल्या. पहिल्या तीनेकशे फितींपैकी अगदी मोजक्या वर्गांत संवाद वेगळा वाटत होता. तिथली मुलं एकमेकांचं ऐकून बोलत होती, 'असं असेल तर तसं का नाही' असं म्हणत होती. त्या वर्गांत वेगळं काय आहे हे तपासताना निघालं ते एवढंच की तिथले शिक्षक सरासरी तीनेक सेकंद थांबत होते. बाकी सगळीकडे ही थांबण्याची वेळ एक सेकंदाच्या आसपास होती.

१९७४ मध्ये 'जर्नल ऑफ रिसर्च इन सायन्स टीचिंग'मध्ये त्यांचा सविस्तर लेख आला. त्यात थांबण्याच्या दोन जागा सांगितल्या आहेत आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. पहिली जागा प्रश्न विचारल्यानंतरची. दुसरी जागा मुलाने उत्तर दिल्यानंतरची, म्हणजे शिक्षकाने 'बरोबर', 'छान', 'अजून कोण?' म्हणायच्या आधीची. आपल्याकडे 'प्रतीक्षा-काल' शिकवतात तेव्हा फक्त पहिली शिकवतात. पण रो बाईंना दुसरीचा परिणाम जास्त दिसला, आणि त्याचं कारण साधं आहे. मूल बोलताना अडखळतं, मध्येच थांबतं. आपण त्या फटीत शिरलो की त्याचं निम्मंच वाक्य बाहेर येतं. आपण शिरलो नाही तर 'म्हणजे... पण मग...' असं करत ते पुढे जातं. शिक्षकांनी दोन्ही जागी तीन सेकंदांच्या वर थांबायला शिकल्यावर उत्तरं कित्येक पट लांब झाली, गप्प बसणाऱ्यांचं प्रमाण घटलं, मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. आणखी एक निरीक्षण मला अस्वस्थ करतं. शिक्षक ज्यांना 'हुशार' समजत होते त्यांच्यासाठी ते जास्त थांबत होते आणि ज्यांना 'कच्ची' समजत होते त्यांच्यासाठी कमी. ज्याला विचार करायला वेळ जास्त लागतो, त्यालाच तो सर्वांत कमी मिळत होता.

आता या गोष्टीचा दुसरा धागा.

रो बाई बाहेरून आलेल्या संशोधक होत्या. शिक्षकाने आपल्याच वर्गात आपणच संशोधन करावं ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या एका लेखात नियोजन, कृती आणि त्या कृतीबद्दल तथ्य गोळा करणं अशा फेऱ्यांची मांडणी केली. तो लेख शाळेबद्दल नव्हता, अल्पसंख्याकांच्या प्रश्नांबद्दल होता. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या स्टीफन कोरी यांनी तीच कल्पना शाळेत आणली आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस आणि जॉन एलियट यांनी ती शिक्षकांच्या हातात दिली. एलियट आणि क्लेम एडलमन यांच्या १९७० च्या दशकातल्या फोर्ड टीचिंग प्रोजेक्टमध्ये शिक्षकांनी स्वतःच्याच तासांचा अभ्यास केला. त्यांची पद्धत मला फार आवडते. एकाच तासाबद्दल तीन माणसांना विचारायचं: शिक्षकाला, मुलांना आणि मागे बसलेल्या निरीक्षकाला. तिघांची हकीकत जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथेच शिकण्यासारखं असतं. शिक्षक म्हणतो मी मोकळा प्रश्न विचारला. मुलं म्हणतात सरांच्या मनात एक उत्तर होतं, आम्ही ते शोधत होतो. एलियट यांच्या हेही लक्षात आलं की उत्तरावर शिक्षक 'छान' म्हणाला की वेगळं मत असलेली मुलं गप्प होतात. रो बाईंच्या १९७४ च्या लेखाच्या शीर्षकातही थांबण्याच्या वेळेबरोबर बक्षिसं आहेत, म्हणजे हीच शाबासकी! अटलांटिकच्या दोन काठांवर, दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी, दोघेही एकाच शब्दाशी येऊन पोहोचले.

हे दोन धागे एकत्र विणले गेले ते लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या एका प्रकल्पात. पॉल ब्लॅक, डिलन विल्यम आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून मेडवे आणि ऑक्सफर्डशर इथल्या सहा शाळांतल्या विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांबरोबर काम केलं. शिक्षकांना तयार कृती दिली नाही. प्रत्येकाने आपल्या वर्गात काय बदलायचं ते स्वतः निवडायचं, त्याचा आराखडा लिहायचा, करून बघायचं, आणि मग भेटून बोलायचं. पुष्कळांनी प्रश्न विचारण्याची पद्धत निवडली. त्यांनी लिहिलेल्या टिपणांत एक तक्रार आढळते: शांतता सहन होत नाही, काहीतरी बोलावंसं वाटतं. त्यातल्या एका विज्ञान शिक्षकाचे दोन तास संशोधकांनी शेजारी ठेवले आहेत. सुरुवातीच्या तासाला विजेची उपकरणं दाखवून 'हे काय? ते काय?' अशी चकमक. काही महिन्यांनंतरच्या तासाला तो जिरेनियमची दोन रोपं समोर ठेवतो, एक टवटवीत आणि एक मरगळलेलं, आणि असं का झालं असेल ते आधी शेजाऱ्याशी बोला म्हणतो. मग मुलं बोलतात आणि तो ऐकतो.

या प्रकल्पाचा परिणाम-आकार सरासरी ०.३२ निघाला. हा आकडा खूप ठिकाणी मिरवला जातो, म्हणून त्याची मर्यादा सांगतो. तुलनेचे वर्ग सगळीकडे सारखे नव्हते. कुठे त्याच शिक्षकाचा दुसरा वर्ग, कुठे मागच्या वर्षाचा, कुठे दुसऱ्याच शिक्षकाचा. शिवाय शिक्षकांनी बदल एकच केला नव्हता. त्यामुळे यातला थांबण्याचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

आता घरचा विषय. बी.एड. केलेल्या प्रत्येकाने 'कृतिसंशोधन' नावाचा अहवाल लिहिलाय. पूर्वचाचणी, दहा दिवसांचे उपक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य, निष्कर्ष: उपक्रम परिणामकारक ठरला. कधी न ठरल्याचं तुम्ही वाचलंय? मी तरी नाही. लेविनची फेरी इथे सरळ रेषा झाली आहे. पहिल्या फेरीत काय फसलं हे लिहायला त्या नमुन्यात जागाच नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. माझ्याच फेऱ्या सांगतो.

इयत्ता आठवी, विज्ञान. पहिल्या फेरीची योजना एका ओळीची होती: तासाला एका प्रश्नानंतर मनात तीन अंक मोजायचे. रेकॉर्डिंग ऐकलं तर मी थांबलोच नव्हतो. मला वाटत होतं थांबलो. प्रत्यक्षात त्या तीन सेकंदांत 'विचार करा', 'सोपं आहे', 'मागच्या तासाला बघितलं ना?' असं भरणं चालू होतं. रो बाईंनी या बडबडीची यादीच करून ठेवली आहे. तिच्यात मुलाचं उत्तर जसंच्या तसं पुन्हा म्हणणंही येतं, कारण मुलांना कळतं की एकमेकांचं ऐकायची गरज नाही, सर परत सांगणारच आहेत. म्हणून फोनवरचा आवाजाचा आलेख बघायला लागलो. आलेख सपाट तर शांतता, नाहीतर नाही. मनातले अंक माणसाला फसवतात.

पुढच्या आठवड्यात आलेख सपाट झाला आणि तरीही काही घडलं नाही. मी थांबायचो, मुलं माझ्याकडे बघायची. चिंतन-वहीत तेव्हा 'पद्धत चालत नाही' असं लिहिलंय. दोन दिवसांनी खाली प्रश्नच उतरवून काढले, तेव्हा कारण दिसलं. 'पाण्याचा उत्कलनबिंदू किती?' हे ज्याला येतं त्याला अर्ध्या सेकंदात येतं, आणि ज्याला येत नाही त्याला तीस सेकंदांतही येणार नाही. थांबण्याचा उपयोग विचार करायला जागा असलेल्या प्रश्नालाच होतो. केनेथ टोबिन यांनी १९८७ च्या आढाव्यात हेच म्हटलं होतं, आणि मी ते वाचलेलंही होतं!

दुसऱ्या फेरीत थांबणं तेच ठेवलं, प्रश्न बदलला. 'सकाळी वर्गात आल्यावर बाकाचा लोखंडी पाय गार लागतो आणि लाकडी फळी लागत नाही. दोन्हींचं तापमान मोजलं तर काय दिसेल?' शांतता. मग मागच्या बाकावरून, 'लोखंडाचं कमी.' मी गप्प. तीन सेकंदांनी तोच मुलगा म्हणाला, 'पण रात्रभर तर दोन्ही इथंच होती.' माझी 'छान' तोंडापर्यंत आली होती. ती गिळली. तेवढ्यात दुसरी मुलगी म्हणाली, 'मग आपला हातच चुकतोय.' वहनाचा धडा तिथून सुरू झाला, फळ्यावर व्याख्या लिहायच्या आधी.

तिसऱ्या फेरीत एलियटसारखं मुलांनाच विचारलं. चिठ्ठ्या घेतल्या, नावाशिवाय. बऱ्याच जणांनी 'आवडलं' असं लिहिलं होतं, सरांना बरं वाटावं म्हणून लिहितात तसं. एका चिठ्ठीत मात्र होतं: 'तुम्ही उत्तरानंतर गप्प राहता तेव्हा वाटतं आपलं चुकलं, म्हणून मी आता हात वर करत नाही.'

आलेखावर जो माझा यश मिळाल्याचा सपाट भाग होता, तो त्या मुलाला किंवा मुलीला नापसंती म्हणून ऐकू येत होता. चौथ्या फेरीची योजना म्हणून एवढीच आहे: तासाच्या सुरुवातीलाच सांगायचं की बरोबर उत्तरालाही मी थांबणार आहे आणि चुकीच्यालाही. पुढच्या सोमवारपासून सुरू करतोय. हात वर न करणारं ते मूल कोण, हे मला माहीत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये आवाजांची संख्या मोजावी लागेल.