२१०० सालचा फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचा का?

२०९६ हे लीप वर्ष असेल आणि त्यानंतरचे लीप वर्ष येईल ते थेट २१०४ साली. मधल्या २१०० ला चारने भाग जातो, तरीही त्या वर्षी २९ फेब्रुवारी नसेल. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवायचा, एवढाच नियम आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केला. २००० साली त्या नियमाने उत्तर बरोबर आले, त्यामुळे त्याची अपुरी बाजू आज हयात असलेल्यांपैकी जवळजवळ कुणीही अनुभवलेली नाही. ती समजून घ्यायची, तर मुळात वर्ष पूर्ण दिवसांचे का नसते इथपासून सुरुवात करावी लागते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्यावरून दिवस ठरतो, आणि ती सूर्याभोवती फिरते त्यावरून वर्ष ठरते. घड्याळातील दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असतात, म्हणून तासकाटा आणि मिनिटकाटा यांचे प्रमाण नेमके राहते. पृथ्वीच्या या दोन गतींमध्ये असा कोणताही दुवा नाही. एका प्रदक्षिणेत दिवसांची संख्या पूर्णांकात बसावी, असे भाग पाडणारे निसर्गात काही नाही. प्रत्यक्षात ऋतूंचे एक चक्र, ज्याला ज्योतिषशास्त्रात सायन वर्ष म्हणतात, ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटे आणि सुमारे ४५ सेकंदांचे आहे. दशांशात सांगायचे तर ३६५.२४२२ दिवस.

दिनदर्शिकेला मात्र पाव दिवस छापता येत नाही. प्रत्येक वर्ष ३६५ दिवसांचेच धरले, तर शंभर वर्षांत ऋतू चोवीस दिवसांनी तारखांच्या पुढे सरकतील. म्हणून साठलेला उरलेला वेळ मधूनमधून अख्ख्या दिवसाच्या रूपाने चुकता करावा लागतो. लीप वर्षाचे सगळे नियम म्हणजे ही थकबाकी किती वेळाने फेडायची, याचे वेळापत्रक होय.

ज्युलियस सीझरने इसवी सनपूर्व ४५ पासून जे वेळापत्रक लागू केले ते अगदी सोपे होते: दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा. त्यात वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस येते. खऱ्या वर्षापेक्षा ही सरासरी सुमारे अकरा मिनिटांनी मोठी आहे. म्हणजे देणे होते त्याहून थोडे अधिक फेडले जात होते.

ही अकरा मिनिटे आजही प्रत्यक्ष पाहता येतात. वसंतसंपात म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो क्षण. जागतिक प्रमाणवेळेनुसार २०२० साली तो २० मार्चला पहाटे ३ वाजून ५० मिनिटांनी आला. पुढल्या वर्षी ९ वाजून ३७ मिनिटांनी, २०२२ साली दुपारी ३ वाजून ३३ मिनिटांनी आणि २०२३ साली रात्री ९ वाजून २४ मिनिटांनी. दरवर्षी पावणेसहा ते सहा तासांची भर पडत गेली. मग २०२४ मध्ये २९ फेब्रुवारी आली आणि वसंतसंपात पुन्हा २० मार्चच्या पहाटे ३ वाजून ६ मिनिटांवर परतला. त्या वेळी भारतात सकाळचे ८ वाजून ३६ मिनिटे झाली होती, तर न्यूयॉर्कमध्ये अजून १९ मार्चची रात्र होती.

येथे दोन आकडे शेजारी ठेवावेत: ३ वाजून ५० मिनिटे आणि ३ वाजून ६ मिनिटे. चार वर्षांचे एक आवर्तन पूर्ण झाले, तरी संपात जिथून निघाला तिथे परतला नाही. चव्वेचाळीस मिनिटे अलीकडे आला. चार वर्षांत चव्वेचाळीस, म्हणजे वर्षाला अकरा.

एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जाणवत नाही, पण शतकांच्या हिशेबात तो लपत नाही. इसवी सन ३२५ मधील निकिया येथील धर्मपरिषदेच्या काळात वसंतसंपात २१ मार्चच्या आसपास होता आणि ईस्टरची तारीख त्यावरून मोजली जाई. १५८२ पर्यंत सुमारे साडेबाराशे वर्षे लोटली आणि प्रत्यक्ष संपात ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला. पोप तेरावे ग्रेगरी यांनी दोन गोष्टी केल्या. साचलेली चूक काढण्यासाठी १५८२ च्या ऑक्टोबरमधील दहा तारखा वगळल्या. गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर ठरला. वारांचा क्रम मात्र अखंड राहिला. आणि चूक पुन्हा साचू नये म्हणून, इटालियन वैद्य अलोयसियस लिलियस यांच्या योजनेवर आधारित नवा नियम घातला: शतकपूर्तीचे वर्ष ४०० ने निःशेष भागले जात असेल तरच लीप धरायचे.

या नियमाने १७००, १८०० आणि १९०० ही वर्षे साधी राहिली, २००० लीप झाले, आणि २१०० पुन्हा साधे असेल. चारशे वर्षांत शंभराऐवजी सत्त्याण्णव लीप दिवस येतात आणि सरासरी ३६५.२४२५ दिवसांवर उतरते. खऱ्या सायन वर्षाशी आता सत्तावीस सेकंदांच्या आसपासच फरक उरतो. तो एका दिवसाएवढा व्हायला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील.

अर्थात नियम सरासरी सांभाळतो, प्रत्येक वर्ष नव्हे. दर चार वर्षांनी चव्वेचाळीस मिनिटे अलीकडे येता येता शतकभरात संपात अठरा तासांनी मागे येतो. शतकाच्या शेवटी लीप दिवस वगळला की चोवीस तास पुढे जातो. २००० साली दिवस वगळला नाही, त्यामुळे ही घसरण सलग दोन शतके चालू आहे. १९०३ साली वसंतसंपात २१ मार्चच्या संध्याकाळी होता. २०९६ साली तो १९ मार्चच्या दुपारी येईल. २१०० मधील न आलेली २९ फेब्रुवारी त्याला पुन्हा पुढे ढकलेल. त्या दिवसाचे काम तेवढेच आहे.

नवी दिनदर्शिका सर्वांनी एकाच वेळी स्वीकारली नाही आणि मराठी इतिहासाच्या वाचकाने हे ध्यानात ठेवावे असे एक कारण आहे. पोर्तुगालने ती १५८२ मध्येच घेतली. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत जुनीच ठेवली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची सर्वपरिचित तारीख ६ जून १६७४ ही जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेतील आहे. ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस १६ जून येतो. तेव्हा त्या काळातील इंग्रजी पत्र आणि पोर्तुगीज कागद यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर दिसले, तर त्यातील एक खोटा असे समजण्याचे कारण नाही. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी दोन्हीकडे तीच राहते, कारण ती चंद्र आणि सूर्य यांच्या स्थितीवरून ठरते.

मग मकरसंक्रांतीचे काय? आपल्या सणांपैकी ती तेवढी ठराविक तारखेला येते असे आपण मानतो, पण तीही सरकते आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. येथे ग्रेगोरियन नियमाची चूक नाही. पंचांग सूर्याचा राशिप्रवेश स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजते, आणि ताऱ्यांच्या संदर्भाने पृथ्वीची प्रदक्षिणा ३६५.२५६४ दिवसांत पूर्ण होते. या नाक्षत्र वर्षाची लांबी सायन वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी अधिक आहे, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे डुलतो आणि त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकत राहतो. यालाच संपातचलन म्हणतात.

दिनदर्शिका ऋतूंना धरून चालते, संक्रांत ताऱ्यांना. त्यामुळे संक्रांत सरासरी बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जाते. १४ आणि १५ जानेवारीमधील हेलकावा मात्र लीप वर्षाचा आहे. २०२४ साली भारतीय वेळेनुसार सूर्याचा मकरप्रवेश १५ जानेवारीला पहाटे ३ च्या सुमारास झाला. त्यानंतर २९ फेब्रुवारी आल्याने २०२५ साली तो १४ जानेवारीला सकाळी ९ वाजता आला आणि २०२६ साली त्याच तारखेला दुपारी सव्वातीनच्या सुमारास. २१०० चा लीप दिवस गळाला की संक्रांत आणखी एक दिवस पुढे सरकेल.

जे संगणकप्रणालींवर काम करतात त्यांना हा अपवाद अधिक जवळचा आहे. १९०१ ते २०९९ या काळात फक्त चारने भागून पाहणारी प्रणालीही कधी चुकत नाही. त्यामुळे आजच्या तारखा घालून केलेल्या चाचणीत हा दोष सापडत नाही. पूर्ण अट अशी आहे:

```
(y % 4 == 0 and y % 100 != 0) or y % 400 == 0
```

ती तपासताना १९००, २०००, २०२४ आणि २१०० ही चारही वर्षे घालून पाहावीत. उत्तर नाही, होय, होय, नाही असे यायला हवे. एक्सेलमध्ये आजही तारीख-क्रमांक ६० टाकला की २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच अस्तित्वात नसलेली तारीख दिसते. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीने १९०० ला लीप मानले होते आणि तिच्या फायली जुळाव्यात म्हणून ती चूक जाणीवपूर्वक तशीच ठेवण्यात आली. दीर्घ मुदतीचे करार आणि निवृत्तिवेतनाचे हिशेब २१०० च्या पलीकडे जातात, तेथे एका दिवसाचा फरक व्याजातही उतरतो.

उरलेल्या सत्तावीस सेकंदांसाठी आताच आणखी एखादा नियम का करू नये, असा प्रश्न येथे पडू शकतो. पण भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे मंदावते आहे आणि दिवस शतकागणिक जवळपास दोन मिलिसेकंदांनी लांबतो आहे. दिवस लांबला की वर्षात बसणाऱ्या दिवसांची संख्या घटते. म्हणून तीन हजार वर्षांनंतर नेमकी किती थकबाकी असेल, हे आज सेकंदापर्यंत ठरवता येत नाही. तो एक दिवस केव्हा वगळायचा, हे त्या वेळच्या लोकांनी तेव्हाचा वसंतसंपात पाहून ठरवलेले बरे.